‘अभिनंदन, आपली निवड झाली आहे!’ : ऑफरच्या निरोपात काय असतं आणि काय नसतं

मुळशी तालुक्यात नोकरीचा निरोप दोन वाटांनी येतो. हिंजवडी, माण, मारुंजीच्या बाजूला आयटी पार्कमधल्या कंपन्यांचा ईमेल येतो, इंग्रजीत आणि चार पानांच्या जोडपत्रासह. पिरंगुट, उरवडे, भरे, कासार आंबोली या पट्ट्यातल्या कारखान्यांचा निरोप बहुतेकदा व्हॉट्सॲपवर येतो आणि तो पुष्कळदा मराठीत असतो. भाषा वेगळी असली तरी साचा एकच. नमुन्यासाठी पिरंगुटच्या एका काल्पनिक कारखान्याचा निरोप घेऊ. पौडच्या एका डिप्लोमाधारक मुलीला तो आला आहे असं समजू.

‘नमस्कार. आपली मुलाखत आम्हा सर्वांना फार आवडली. क्वालिटी इन्स्पेक्टर या पदासाठी आपली निवड झाली आहे, मनःपूर्वक अभिनंदन! वार्षिक सीटीसी रु. ३,६०,००० राहील. रुजू होण्याची तारीख १ जुलै. कागदपत्रांची पडताळणी व वैद्यकीय तपासणी होईल. बाकी कंपनीच्या नियम व अटींप्रमाणे. कृपया २० जूनपर्यंत होकार कळवावा. काही शंका असल्यास निःसंकोच विचारा. आपल्या स्वागतासाठी उत्सुक आहोत.’

निरोप छान आहे. तो लिहिणाऱ्या एचआरच्या मनात काही काळंबेरं असेल असं मानायचंही कारण नाही. पण यातलं प्रत्येक वाक्य वेगळं काम करतं, आणि वाचणारा बहुतेकदा फक्त पहिलं वाक्य आणि आकडा वाचतो. घरात पेढे येतात, मामाला फोन जातो. गैरसमज तिथूनच सुरू होतात.

‘निरोप आला, म्हणजे नोकरी पक्की’

कायद्याच्या नजरेत हा निरोप म्हणजे प्रस्ताव. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे, पण तो व्हॉट्सॲपलाही लागू पडतो. इलेक्ट्रॉनिक मार्गाने झालेला करार केवळ त्या कारणाने अमान्य ठरत नाही, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या १०-अ कलमात स्पष्टच लिहिलं आहे. त्यामुळे ‘कागदावर सही-शिक्का नाही, म्हणजे त्याला काही अर्थ नाही’ ही समजूत जितकी चुकीची, तितकीच ‘मेसेज आला, आता कंपनी बांधली गेली’ ही समजूतही चुकीची. कंपनी बांधली जाते ती उमेदवाराचा होकार गेल्यावर. त्याआधी ती प्रस्ताव मागे घेऊ शकते.

इथे एक बारकावा भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. निरोपात ‘२० जूनपर्यंत कळवा’ असं लिहिलं आहे, म्हणून जागा २० तारखेपर्यंत राखून ठेवली आहे असं उमेदवार धरून चालतो. खरं तर त्या तारखेचा अर्थ एवढाच, की त्यानंतर प्रस्ताव आपोआप संपतो. १५ जूनला कंपनीने ‘क्षमस्व’ म्हटलं आणि तोवर होकार गेला नसेल, तर प्रस्ताव उघडा ठेवायचं नुसतं आश्वासन तिला बांधून ठेवत नाही.

होकार गेल्यावरही ‘पडताळणी व वैद्यकीय तपासणी’ हे शब्द उरतातच. ही अट आहे. गुणपत्रिकेतलं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही, आधीच्या नोकरीच्या तारखा भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीशी जुळत नाहीत, अशा गोष्टी इथेच अडतात. पीएफचा यूएएन क्रमांक एकच असतो आणि त्यावर आधीच्या नोकऱ्यांच्या तारखा दिसतात. बायोडेटात दोन महिन्यांची पोकळी झाकायला तारीख सरकवली असेल, तर ती सापडते.

आणि सगळं होऊनही कंपनीने शब्द मोडला तर? न्यायालय नुकसानभरपाई देऊ शकतं, पण ‘या मुलीला कामावर घ्याच’ असा हुकूम खासगी नोकरीत सहसा देत नाही. व्यक्तिगत सेवेचे करार जबरदस्तीने अमलात आणायचे नाहीत, अशी विशिष्ट अनुतोष कायद्याची भूमिका आहे. भरपाईसाठी खटला लढायला लागणारा वेळ आणि पैसा पाहता पहिलीच नोकरी शोधणारं कुणी त्या वाटेला जात नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये हे मोठ्या प्रमाणावर दिसलं. विप्रोने वर्षाला साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या, पण अजून रुजू न झालेल्या नवपदवीधरांना ईमेल पाठवून साडेतीन लाखांची जागा स्वीकाराल का, अशी विचारणा केली. ती स्वीकारली की आधीची ऑफर रद्द. पुण्यातल्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने त्यावर जाहीर आक्षेप घेतला. विचारणा ‘पर्याय’ म्हणून होती, सक्ती नव्हती. पण जुन्या ऑफरला रुजू होण्याची पक्की तारीखच नसेल, तर उमेदवाराच्या हातात थांबण्यापलीकडे काय उरतं?

‘तीन लाख साठ हजार भागिले बारा’

सगळ्यात जास्त निराशा या भागाकाराने होते. उत्तर ३० हजार येतं, घरी तेच सांगितलं जातं, आणि जुलैअखेर खात्यात २२ हजार आणि वर थोडे पैसे जमा होतात. ‘कंपनीने फसवलं’ ही पहिली प्रतिक्रिया. बहुतेक वेळा फसवलेलं नसतं. सीटीसी म्हणजे कर्मचाऱ्यावर कंपनीचा होणारा एकूण खर्च, पगार नव्हे, हे कुणी सांगितलेलं नसतं.

आपल्या नमुन्याचा हिशोब मांडून बघू. समजा मूळ वेतन महिना १५ हजार आहे. त्यावर कंपनीचा पीएफचा वाटा १२ टक्के, म्हणजे महिना १,८००, वर्षाला २१,६००. तो सीटीसीतच धरलेला असतो. ग्रॅच्युइटी दरवर्षी पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी, महिन्याचे सव्वीस दिवस धरून. म्हणून मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, इथे वर्षाला ८,६५८ रुपये, हेही सीटीसीत. गटविम्याचा हप्ता ६ हजार धरू. आणि दहा टक्के, म्हणजे ३६ हजार, ‘व्हेरिएबल’. हे सगळं वजा केलं की उरतात २,८७,७४२. त्याला बाराने भागलं की महिन्याचा ढोबळ पगार येतो २४ हजारांच्या किंचित खाली.

त्यातून तिचा स्वतःचा पीएफचा वाटा १,८०० जातो. व्यवसाय कर महाराष्ट्रात महिना २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० असतो. पण स्त्रियांना महिना २५ हजारांपर्यंतच्या पगारावर १ एप्रिल २०२३ पासून तो माफ आहे, त्यामुळे तिला लागणार नाही. शेजारच्या टेबलावरच्या मुलाला लागेल. नव्या करप्रणालीत एवढ्या उत्पन्नावर आयकर शून्य. हातात येतात सुमारे २२,१८० रुपये.

मग मधले आठ हजार गेले कुठे? याचं उत्तर एकसारखं नाही, आणि तिथेच खरी पारख आहे. पीएफचे दोन्ही वाटे मिळून महिना ३,६०० रुपये तिचेच आहेत. फक्त कंपनीच्या वाट्यातले १,२५० पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले ५५० पीएफ खात्यात. ग्रॅच्युइटी तिची आहे, पण नेहमीच्या कायम नोकरीत पाच वर्षं पूर्ण झाल्यावर. दोन वर्षांत नोकरी बदलली तर त्या रकमेला तिच्यासाठी काही अर्थ नाही. विमा आजारपणात तिचा. आणि व्हेरिएबल हा सगळ्यात निसरडा भाग. तो दर तिमाहीला मिळतो की वर्षाअखेर, स्वतःच्या कामावर ठरतो की कंपनीच्या नफ्यावर, मधेच नोकरी सोडली तर बुडतो का, या तीन प्रश्नांची उत्तरं निरोपात क्वचितच असतात. म्हणून सारख्याच सीटीसीच्या दोन ऑफर तोलताना आधी व्हेरिएबल बाजूला काढून ठेवावा आणि मग बघावं.

नव्या वेतन संहितेनंतर यात थोडा फरक पडला आहे. चार कामगार संहिता केंद्राने २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू केल्या, आणि भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त दाखवले तर वरची रक्कम वेतनातच धरायची, असा त्यात नियम आहे. मूळ वेतन मुद्दाम लहान ठेवून पीएफ आणि ग्रॅच्युइटी वाचवायची जुनी शक्कल त्यामुळे अवघड झाली. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीत ग्रॅच्युइटी आता एका वर्षानंतरही मिळू शकते. पिरंगुटच्या पट्ट्यात अशा मुदतीच्या नेमणुका होतात, त्यामुळे आपली जागा ‘कायम’ आहे की ‘मुदतीची’, की मधे ठेकेदार आहे, हे आकड्याइतकंच महत्त्वाचं. ठेकेदार असेल तर निरोप कंपनीच्या नावाने आला तरी पगारपत्रकावर नाव दुसऱ्याचं असतं.

‘१ जुलै म्हणजे १ जुलै’

इन्फोसिसचा मोठा परिसर हिंजवडीत आहे. या कंपनीने २०२२ मध्ये महाविद्यालयांतून निवडलेल्या सुमारे दोन हजार मुलांची रुजू होण्याची तारीख दोन वर्षं पुढे पुढे गेली, अशी तक्रार ‘नाइट्स’ने २०२४ मध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे केली. दिलेली प्रत्येक ऑफर पाळली जाईल, तारखा बदलल्या असल्या तरी सगळे रुजू होतील, असं कंपनीच्या प्रमुखांनी जाहीरपणे सांगितलं, आणि त्यानंतर मुलं रुजू होऊ लागली. जुलै २०२५ मध्ये टीसीएसबाबत अशीच तक्रार झाली, पण ती माणसं नवखी नव्हती. सहाशेच्या आसपास अनुभवी लोकांनी टीसीएसच्या ऑफरवर विसंबून जुन्या नोकऱ्या सोडल्या होत्या आणि नवी सुरू होत नव्हती, असं संघटनेचं म्हणणं होतं. सर्व ऑफर पाळू, असं याही कंपनीने सांगितलं.

दोन्हीकडे ऑफर खोटी नव्हती. तारीख मात्र व्यवसायाच्या गरजेला बांधलेली होती. मोठ्या कंपन्यांच्या पत्रांत ‘कंपनीच्या गरजेनुसार रुजू होण्याची तारीख बदलू शकते’ अशा अर्थाचं वाक्य असतं, आणि ते तारखेच्या ओळीपासून बरंच लांब असतं. परदेशातला एखादा प्रकल्प लांबला की इथली तारीख सरकते. लहान कारखान्यात कारण वेगळं असतं, मशीन आली नाही किंवा ऑर्डर अडकली, पण परिणाम तोच.

नवख्या मुलीला तारीख सरकली तर वेळ जातो. नोकरी सोडून आलेल्याला मात्र पगाराविना घर चालवावं लागतं. म्हणून त्याच्यासाठी क्रम महत्त्वाचा: आधी सही असलेलं ऑफर लेटर, मग लेखी होकार, मग पडताळणी कुठवर आली याची विचारणा आणि सगळ्यात शेवटी राजीनामा. आयटीत नोटीस पीरियड ६० किंवा ९० दिवसांचा असतो, त्यामुळे राजीनामा द्यायची घाई होते हे खरं. पण नव्या कंपनीला नोटीस पीरियड मुलाखतीतच माहीत झालेला असतो. १ जुलैची तारीख तिने नोटीस धरून दिली आहे की न धरता, एवढं विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही.

याच टप्प्यावर भामटेही शिरतात. कंपनीचं बोधचिन्ह, गोड भाषा, जवळची तारीख आणि मग ‘लॅपटॉपसाठी’ किंवा ‘पडताळणीसाठी’ परत मिळणारी अनामत. पैसे मागितले की तिथेच थांबावं. रक्कम गेलीच असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

‘नियम व अटी काय, सगळीकडे सारख्याच’

‘बाकी कंपनीच्या नियम व अटींप्रमाणे’ हे वाक्य किती जड असू शकतं, हे कल्याणच्या एका जुन्या प्रकरणात दिसतं. सेंच्युरी स्पिनिंग कंपनीने मार्च १९६३ मध्ये तिथल्या टायर-कॉर्ड विभागात एका तरुणाला शिफ्ट सुपरवायझरची जागा देऊ केली. पत्रात एक ओळ होती: ऑफर स्वीकारल्यास पाच वर्षांच्या ठरावीक नमुन्यातल्या करारावर सही करावी लागेल. त्याने काही दिवसांतच होकार दिला आणि महिना संपायच्या आत सही केली. करारात असं होतं, की मधेच सोडून गेल्यास उरलेल्या मुदतीत तशाच कामासाठी दुसरीकडे जायचं नाही. कंपनीने त्याला कित्येक महिने प्रशिक्षण दिलं. १९६४ मध्ये तो कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये जास्त पगारावर गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि १९६७ मध्ये न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला: कराराच्या मुदतीपुरतं असं बंधन वैध आहे. वकिली वर्तुळात हा ‘गोलिकरी खटला’ म्हणून आजही सांगितला जातो.

यातून दोन उलटसुलट समजुती तपासता येतात. एक, ‘बाँडला काही अर्थ नसतो’. असतो. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट कायम ठेवली. रक्कम वाजवी आहे का, भरती-प्रशिक्षणाच्या खर्चाशी तिचा मेळ बसतो का, हे मात्र पाहिलं जातं. दुसरी, ‘कंपनी सोडल्यावर वर्षभर स्पर्धकाकडे जाता येत नाही’. नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी करार कायद्याच्या २७व्या कलमापुढे सहसा टिकत नाही. गुपितं फोडायची नाहीत, ही अट टिकते.

मुद्दा असा, की त्या तरुणाच्या पत्रात पाच वर्षांचा उल्लेख निदान होता. आजच्या व्हॉट्सॲप निरोपात बाँड, प्रोबेशन, नोटीस पीरियड यांतलं काहीच नसतं. ते नेमणूक पत्रात येतं, आणि नेमणूक पत्र बऱ्याचदा रुजू झालेल्या दिवशी पुढ्यात ठेवलं जातं. तोवर जुनी नोकरी सुटलेली असते. नव्या संहितांनी नेमणूक पत्र देणं बंधनकारक केलं आहे. त्याचा मसुदा होकाराआधी मागता येतो, आणि नीट चालणारी कंपनी तो देते.

‘प्रश्न विचारले तर ऑफर जाईल’

‘काही शंका असल्यास निःसंकोच विचारा’ हे वाक्य शिष्टाचाराचं समजून सोडून दिलं जातं. उमेदवाराच्या हातात खरी ताकद असते ती नेमकी याच दिवसांत. मुलाखती घेऊन, चार जणांतून एकाला निवडून, वरिष्ठांची मंजुरी घेऊन एचआर इथवर आलेली असते. दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार तोवर कुठेतरी लागलेला असू शकतो. दोन साध्या प्रश्नांसाठी हे सगळं उधळून लावणारी कंपनी विरळा, आणि ती तशी असेल तर तेही रुजू होण्याआधीच कळलेलं बरं.

फरक कळायला हवा तो विचारणा आणि अट यांतला. ‘व्हेरिएबल कधी मिळतो?’ ही विचारणा. तिने प्रस्तावाला धक्का लागत नाही. ‘महिना ३० हजार हातात देत असाल तर माझा होकार’ हा मात्र कायद्याच्या भाषेत होकारच नव्हे. होकार निखळ असावा लागतो. ते नवा प्रस्ताव ठेवणं झालं, आणि मूळ प्रस्ताव त्याने गळून पडू शकतो. पगार वाढवून मागायला हरकत नाही, फक्त तो ‘शक्य आहे का’ अशा रूपात मागावा.

फोनवर मिळालेलं उत्तर उरत नाही. म्हणून बोलणं झाल्यावर तेच चार ओळींत लिहून पाठवायचं. पौडच्या मुलीचा मेसेज असा असू शकतो: ‘नमस्कार मॅडम, ऑफरबद्दल मनापासून आभार. आज फोनवर बोलल्याप्रमाणे: व्हेरिएबल दर सहा महिन्यांनी, कारखान्याच्या उत्पादनावर, प्रोबेशन सहा महिने, त्यात नोटीस १५ दिवसांची, बाँड नाही, नेमणूक थेट कंपनीकडून, रात्रपाळीला पौडपर्यंत बस. यात काही चुकलं असल्यास कृपया कळवा. नेमणूक पत्राचा मसुदा मिळाला की लगेच होकार पाठवते.’

कामाच्या जागेचा प्रश्न आयटीवाल्यांनीही विचारण्यासारखा आहे. पत्रात ‘पुणे’ लिहिलेलं असतं. पौडच्या मुलाला घोटवड्यावरून माणमार्गे हिंजवडी गाठणं वेगळं आणि चांदणी चौक ओलांडून, सगळं शहर पार करून खराडीला जाणं वेगळं. बाहेर खोली घ्यावी लागली तर पगाराचा हिशोबच बदलतो.

एचआरच्या बाजूनेही यात फायदा आहे. होकार देऊन ऐन तारखेला न आलेला उमेदवार ही त्यांची नेहमीची डोकेदुखी, आणि त्याचं एक कारण हातात पडणारा आकडा उशिरा कळणं हे असतं. नमुन्याच्या निरोपात सीटीसीच्या ओळीखाली ‘दरमहा हातात अंदाजे रु. २२,१००, व्हेरिएबल वेगळा’ आणि तारखेच्या ओळीखाली ‘तारीख बदलल्यास १० जूनपूर्वी लेखी कळवू’ एवढी भर घातली, तर निरोप दोनच ओळींनी वाढतो. मुलीच्या मेसेजला एचआरचं उत्तर येईल तेही साधारण एवढंच असेल: बाकी बरोबर, पण बस पौडपर्यंत नाही, घोटवडे फाट्यापर्यंत आहे; तिथून पुढचं रात्रीचं काय करायचं ते सुपरवायझरशी बोलून उद्या सांगते.